नऊ बाराचा मेसेज पावणेसहाला

आत्याचं गाव मुळशी खोऱ्यात. घरात मोबाइलला रेंज मिळते ती दोनच जागी, तुळशीजवळच्या ओट्यावर आणि माजघराच्या खिडकीतल्या कोनाड्यात. बाकी घरभर फोन म्हणजे घड्याळ आणि विजेरी. त्या मंगळवारी दुपारी गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, कोड सांगा." आत्या फोन घेऊन ओट्यावर गेली, कोनाड्यापाशी गेली, पुन्हा ओट्यावर आली. कोड काही आला नाही. गॅसवाल्यानं पाच मिनिटं वाट पाहिली, "कोडशिवाय नाही देता येत हो" म्हणाला आणि भरलेला सिलिंडर परत गाडीत चढवला.

संध्याकाळी पावणेसहाला तो फोन चुलीवरच्या फुटाण्यांसारखा वाजायला लागला. दोन मिनिटांत चौदा मेसेज. बँकेचे तीन, दूधसंघाचा एक, वीजबिलाचा, माझ्या चुलतभावाचा "पोचलो" असा, आणि त्यातच गॅसचा कोड. आत्यानं रागारागानं गॅस एजन्सीला फोन केला, तर तिकडून उत्तर आलं, "आम्ही तर सकाळीच पाठवला होता."

शनिवारी मी गेलो तेव्हा घरात तीन मतं होती. आत्याचं म्हणणं, एजन्सी खोटं बोलते. शेजारच्या काकांचं म्हणणं, टॉवर बोगस आहे. काकांचा नातू बारावीत आहे, त्याचं मत होतं की फोनला बॅटरी सेव्हर लावलाय, तो मेसेज अडवतो. मोबाइलच्या क्षेत्रात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तरी माझ्या मनातही पहिलं नाव टॉवरचंच आलं, हे कबूल करतो.

पण अंदाज करत बसण्याची गरज नव्हती. एसएमएसवर दोन वेळा लिहिलेल्या असतात आणि बहुतेकांनी त्यातली एकच पाहिलेली असते. आत्याच्या फोनवर गूगलचं मेसेजेस ॲप आहे. त्यात मेसेजवर बोट दाबून धरलं आणि वरच्या तीन ठिपक्यांतून तपशील उघडला, की Sent आणि Received अशा दोन ओळी दिसतात. गॅसच्या कोडवर Sent होतं सकाळी 9:12 आणि Received संध्याकाळी 5:47.

या दोन ओळींचा अर्थ कळायला मेसेज कुठून कुठे जातो ते पाहावं लागेल. एसएमएस एका फोनवरून थेट दुसऱ्या फोनवर उडी मारत नाही. पाठवणाऱ्याच्या मोबाइल कंपनीकडे एसएमएस सेंटर नावाची यंत्रणा असते, तिथे तो आधी जमा होतो. सेंटर त्याच्यावर त्या क्षणाची वेळ उमटवतं, अगदी पोस्टाच्या शिक्क्यासारखी. Sent म्हणून आपल्याला दिसतो तो हाच शिक्का. मग सेंटर घेणाऱ्याच्या कंपनीच्या मुख्य नोंदवहीला विचारतं, की हा नंबर सध्या कुठल्या भागात आहे. उत्तर मिळालं की मेसेज त्या भागातल्या यंत्रणेकडे जातो, तिथून टॉवरवर, आणि टॉवर फोनला हाक मारतो. फोननं "मिळाला" अशी पोच दिली की सेंटर आपल्याकडची प्रत पुसून टाकतं. सगळं सुरळीत असेल तर या प्रवासाला काही सेकंद पुरतात. पोच आली नाही तर सेंटर प्रत जपून ठेवतं आणि पुन्हा प्रयत्न करतं. पोच वाटेत हरवली तर तोच मेसेज दुसऱ्यांदा पाठवतं. बँकेचा एकच मेसेज कधी दोनदा येतो, त्यात पैसे दोनदा गेलेले नसतात, पोच एकदा हरवलेली असते.

म्हणजे आत्याच्या बाबतीत एजन्सी खरं बोलत होती. 9:12 ला कोड सेंटरवर पोचला होता. पुढचे साडेआठ तास तो सेंटर आणि फोन यांच्यामध्ये थांबला. उलट असतं, म्हणजे शिक्काच 5:46 चा असता, तर दोष सेंटरच्या अलीकडे शोधावा लागला असता. तिथेही मेसेज अडकतात. बँका आणि कंपन्या लाखांनी मेसेज पाठवतात ते मधल्या पुरवठादारांमार्फत, आणि तिथे रांगा लागतात. शिवाय आपल्याकडे ट्रायच्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा दोन्ही आधी नोंदवलेले लागतात. मेसेज त्या नोंदीशी ताडून पाहिला जातो आणि जुळला नाही तर तिथेच गळतो. 8 मार्च 2021 ला ही तपासणी कडकपणे सुरू झाली तेव्हा देशभर ओटीपी मिळेनासे झाले. अनेक कंपन्यांनी आपले साचे नोंदवलेलेच नव्हते. दुसऱ्याच दिवशी ट्रायनं ती तपासणी आठवडाभरासाठी थांबवली. त्या दिवशी लोकांनी फोन बंद-चालू करून, सिम पुसून पाहिली असतील. त्यांच्या फोनचा काहीच संबंध नव्हता.

आता टॉवरकडे. फोन रेंजबाहेर गेल्यावर काय होतं, यात एक मजा आहे. आपण बटण दाबून फोन नीट बंद केला तर तो जाताना नेटवर्कला सांगून जातो. रेंज गेली किंवा बॅटरी काढली तर मात्र न सांगता जातो. नेटवर्कच्या लेखी तो अजून त्याच भागात असतो. मेसेज आला की टॉवर हाक मारतो, उत्तर येत नाही, तेव्हा कुठे कळतं. मग नोंदवहीत त्या नंबरसमोर खूण केली जाते आणि कुठकुठली सेंटरं याच्यासाठी मेसेज धरून बसली आहेत त्याची यादी ठेवली जाते. फोन परत संपर्कात आला की नोंदवही त्या साऱ्या सेंटरना कळवते आणि सगळे एकदम मेसेज सोडतात. घाट उतरून गावात शिरल्यावर फोन टिणटिण करतो तो यामुळे. क्रमही बिघडतो, कारण बँकेचा मेसेज एका कंपनीच्या सेंटरवर असतो आणि चुलतभावाचा दुसऱ्या. आधी निघालेला आधी पोचेल असं बंधन त्यांच्यावर नसतं.

पण "परत संपर्कात आला" म्हणजे स्क्रीनवर दांड्या दिसल्या असं नव्हे. फोन रेंजबाहेर जाऊन त्याच भागात परत आला, तर तो लगेच नेटवर्कला "मी आलो" असं सांगतोच असं नाही. टॉवर ऐकू आला, भाग तोच आहे, मग कशाला बोला! ठरावीक अंतरानं हजेरी द्यायची असते तेव्हा देतो, आणि ते अंतर तासांत असू शकतं. इकडे सेंटरही सुरुवातीला काही मिनिटांनी प्रयत्न करतं, पुढे पुढे अंतर वाढवत जातं. म्हणून रेंज पूर्ण असूनही मेसेज तासभर येत नाही असं होतं. विमान मोड लावून काढल्यावर ते धडाधड येतात, कारण त्यानं फोनला नव्यानं नाव नोंदवावं लागतं आणि नोंदवहीतली खूण पुसली जाते. फोनवर कुणाशी दोन वाक्यं बोललं तरी बहुधा तेच साधतं. फक्त 4जी असलेल्या नेटवर्कवर आणखी एक गंमत असते. तिथे एसएमएस बहुतेक व्होल्टे कॉलच्याच वाटेनं येतो. ती नोंदणी तुटली तर व्हॉट्सॲप छान चालू असतं आणि एसएमएस मात्र बंद. स्क्रीनवरून व्होल्टेची खूण गेलेली दिसली तर त्याचा संशय घ्यावा.

या वाटेनं विचार करत मी आत्याच्या फोनमधली कॉलची यादी उघडली, आणि टॉवरवरचा आरोप तिथेच पडला. मंगळवारी सकाळी अकराला आत्या ओट्यावर बसून माझ्या बहिणीशी बावीस मिनिटं बोलली होती. त्याआधी दोन फोन, नंतर तीन. फोन नेटवर्कच्या संपर्कात होता, एकदा नाही, सहा वेळा. रेंजमुळे अडलेला मेसेज त्यातल्या पहिल्याच कॉलच्या आसपास यायला हवा होता.

नातवाच्या बॅटरी सेव्हरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हा समज फार पसरलेला आहे आणि अर्धा खरा आहे. अँड्रॉइडमध्ये 2015 सालच्या सहाव्या आवृत्तीपासून डोझ नावाची सोय आहे. फोन चार्जिंगला नाही, स्क्रीन बंद आहे आणि बराच वेळ हललेलाही नाही, असं दिसलं की तो ॲपना झोपवतो. अधूनमधून थोडा वेळ जागं करून साठलेली कामं उरकून घेतो आणि पुन्हा झोपवतो. इंटरनेटवरून येणारे निरोप यात सापडतात. तातडीचा असा शिक्का असलेला निरोप झोप मोडून आत येतो, साधा निरोप पुढच्या जागेपर्यंत थांबतो. काही कंपन्यांचे फोन यावर स्वतःची कडी करतात आणि मागे चालू असलेली ॲप्स सरळ बंदच करून टाकतात. मग सकाळी फोन उचलला की रात्रीचे निरोप लोंढ्यानं येतात.

साधा एसएमएस मात्र या झोपेत अडकत नाही. तो इंटरनेटवरून येत नाही. फोनमधला रेडिओचा भाग वेगळा असतो, तो टॉवरच्या हाकेकडे सतत कान लावून असतो आणि मेसेज आला की मुख्य फोनला हलवून उठवतो. फोनची घंटा बॅटरी सेव्हरमध्येही वाजते ना, तसंच हे. घोळ होतो तो वेगळ्या कारणानं. हल्ली मेसेजेस ॲपमध्ये दोन ओळखीच्या माणसांमधला निरोप पुष्कळदा एसएमएस नसतोच, तो आरसीएस चॅट असतो आणि डेटावरून येतो. दिसायला दोन्ही सारखेच, एकाच ॲपमध्ये, एकाखाली एक. म्हणून चुलतभावाचं "पोचलो" बॅटरी सेव्हरमुळे उशिरा येऊ शकतं, पण बँकेचा साधा एसएमएस येताना त्यात अडकत नाही. तो वेळेवर येऊन पडलेला असतो, फार तर सूचना वाजलेली नसते. तेव्हा Received ची वेळ बरोबर दिसते आणि आपल्याला कळलेली वेळ उशिराची असते. आत्याच्या कोडवर Received च 5:47 होतं. नातवाला मी हे दाखवलं, त्यानं मान डोलावली आणि हळूच म्हणाला, "पण मी त्या दिवशी फोन रिकामा केल्यावरच आले मेसेज."

मी विचारलं, रिकामा केला म्हणजे?

तर झालं होतं असं. आत्याचा फोन आठवडाभर अडखळत होता. फोटो निघत नव्हता, ॲप उघडत नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास नातवानं त्यातले दोन सिनेमे आणि सुप्रभातच्या फोटोंचा सगळा गठ्ठा पुसला. फूल, सूर्य, चहाचा कप आणि वर एक वचन, असे हजारो फोटो. आत्या मेसेज वाचते, पण पुसत नाही, कुणाचं तरी पाठवलेलं असतं म्हणून. साडेपाच वाजून गेल्यावर पुसण्याचं काम संपलं. त्यानंतर थोड्याच मिनिटांत फोन वाजायला लागला.

हे प्रकरण एकदा समजून घेण्यासारखं आहे. एसएमएस इतका चिमुकला असतो की त्याला जागा ती काय लागणार, असं वाटतं. एका एसएमएसचा मजकूर जास्तीत जास्त 140 बाइट, एका सुप्रभात फोटोत असे हजार सहज मावतील. पण प्रश्न मेसेजच्या आकाराचा नाही, फोनच्या शब्दाचा आहे. पोच देणं म्हणजे "मी हा जपून ठेवला" असं सांगणं. साठवण अगदी तळाला गेली की अँड्रॉइड हा शब्द देत नाही. टॉवरनं हाक मारली तर फोन उत्तर देतो, मेसेज पाहतो आणि "जागा नाही" असं कळवून परत पाठवतो. म्हणून कॉल चालतात, रेंज भरलेली असते, आणि एसएमएस तेवढे येत नाहीत. जागा कमी असल्याचा इशारा फोन याच्या किती तरी आधीपासून देत असतो. आत्यानं तो "नंतर" म्हणून रोज बाजूला सारला होता.

परत गेलेला मेसेज सेंटर फेकून देत नाही. नोंदवहीत याही वेळी खूण होते, पण वेगळी: माणूस घरी नाही अशी नव्हे, घरी आहे पण घर भरलेलं आहे अशी. ही खूण नुसत्या कॉलनं पुसली जात नाही. त्यासाठी जागा झाली की फोन स्वतः नेटवर्कला एक छोटा निरोप पाठवतो, "आता घेऊ शकतो." तो निरोप नोंदवहीत पोचला की ती साऱ्या सेंटरना कळवते. आत्याचे सहा कॉल होऊनही मेसेज का आले नाहीत आणि फोटो पुसताच का आले, दोन्हीचं उत्तर यातच आहे. मी उरलेले तेरा मेसेज एकेक करून उघडून पाहिले. सगळ्यात जुना Sent सोमवारी रात्री 8:40 चा, सगळ्यात नवा मंगळवारी 4:15 चा. Received मात्र सगळ्यांचं 5:46 ते 5:48. म्हणजे सोमवारी रात्री कधीतरी फोन काठोकाठ भरला होता.

साध्या बटणांच्या फोनात हे नेहमीचंच होतं. जुन्या नोकियावर पाकिटाचं चित्र लुकलुकायला लागलं की घरातलं कुणीतरी ओरडायचं, "मेसेज डिलीट कर!" तिथे सिम कार्डावर मोजक्याच मेसेजची जागा असायची आणि फोनमध्येही फार नसायची. ते चित्र सगळ्यांना कळायचं. आजच्या फोनात हजारो मेसेज मावतात, म्हणून मेसेजची पेटी भरते ही गोष्टच आपण विसरलो. पण आता पेटी वेगळी राहिलेली नाही, ती फोटो आणि सिनेमांच्या कोठारातच आहे. साधा फोन वापरणाऱ्यांनी अजूनही सिमवरचे जुने मेसेज पाहावेत. फोनमधले पुसले तरी सिमवरचे राहिलेले असतात.

मराठी मेसेजचं एक खास दुखणंही त्या यादीत सापडलं. वीजबिलाचा मेसेज मराठीत होता आणि लांब होता. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70. त्यातही आपली काना-मात्रा वेगळी मोजली जाते, "किती" या शब्दाची चार होतात. लांब मजकुराचे तुकडे करावे लागतात, मग प्रत्येक तुकड्यात 67 च मावतात, कारण हा कितवा तुकडा ते लिहायला थोडी जागा जाते. हे तुकडे स्वतंत्रपणे प्रवास करतात. शेवटचा तुकडा हाती येईपर्यंत फोन आधीचे दाखवत नाही. पाच तुकड्यांतला एक अडला की अख्खा मेसेज अडला. त्यामुळे तोच निरोप इंग्रजीत वेळेवर आणि मराठीत उशिरा, असं कधी झालं तर त्यात भाषेचा द्वेष नसतो.

सेंटर किती काळ वाट पाहतं? एसएमएसच्या मूळ नियमांत मुदत पाच मिनिटांपासून 63 आठवड्यांपर्यंत ठेवता येते. कंपन्या प्रत्यक्षात फार कमी ठेवतात, आणि मुदत संपली की मेसेज पुसला जातो. रोमिंगवर महिनाभर फोन बंद ठेवून आलेल्या माणसाला सगळे मेसेज मिळत नाहीत ते यामुळे. या मुदतीचं यंत्रच बिघडलं तर काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. 14 फेब्रुवारी 2019 ला, व्हॅलेंटाइन डेच्या दिवशी, सिनिव्हर्स या कंपनीचा एक सर्व्हर बंद पडला. ही कंपनी वेगवेगळ्या मोबाइल कंपन्यांमध्ये मेसेज पोचवते. त्या सर्व्हरवर 1,68,149 मेसेज अडकले. 7 नोव्हेंबरला तो सर्व्हर पुन्हा चालू झाला आणि नऊ महिन्यांपूर्वीचे ते मेसेज पहाटे पहाटे लोकांच्या फोनवर येऊन पडले. काहींना मोडलेल्या नात्यांमधले प्रेमाचे निरोप आले. दोघा-तिघांना दरम्यान वारलेल्या माणसाचा मेसेज आला. पाठवणाऱ्यांच्या फोनमध्ये त्या रात्री काहीच पाठवल्याची नोंद नव्हती.

आत्याच्या घरी शनिवारी संध्याकाळी आम्ही व्हॉट्सॲपमध्ये फोटो आपोआप साठवण्याची सोय बंद केली आणि सिनेमांसाठी मेमरी कार्ड लावलं. जाता जाता तिनं नवा सिलिंडर बुक केला. कोड लगेच आला नाही. ती माझ्याकडे पाहायला लागली. मी विमान मोड लावून काढला, काही आलं नाही. फोनमध्ये आता बारा जीबी जागा होती. चाळीस मिनिटांनी, मी एसटी स्टँडवर असताना, तिचा फोन आला. "अरे, आला बघ आत्ता. Sent पण आत्ताचंच लिहिलंय."

"मग या वेळी एजन्सीला फोन कर," मी म्हटलं.